भिवंडीतील मोहल्ला समित्या

भिवंडीतील मोहल्ला समित्या या ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात १९८८ पासून पोलिसांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या, हिंदू आणि मुस्लिम रहिवाशांच्या संयुक्त स्थानिक समित्या होत. १९७० आणि १९८४ या वर्षी भिवंडीत भीषण जातीय दंगली झाल्या होत्या. मात्र डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारचे मुंबई शहर दंगलीत होरपळत असताना भिवंडी शांत राहिली. या फरकामुळे आंतरधर्मीय संघर्षातील मध्यस्थी आणि शांतता बांधणी यांच्या अभ्यासात भिवंडीचा दाखला वारंवार दिला जातो. दंगल उसळल्यावर शांततेचे आवाहन करणे आणि दंगलीपूर्वीच परस्परांशी बोलण्याची सवय निर्माण करणे यांतील भेद या उदाहरणातून स्पष्ट होतो. समित्या कोणत्या परिस्थितीत निष्प्रभ ठरतात, हेही भिवंडीच्याच पुढील इतिहासातून दिसते.

## पार्श्वभूमी

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. उत्तर भारतातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, स्थानिक कोकणी मुसलमान, आगरी व कोळी समाज, तेलुगू भाषक विणकर, सूत आणि कापडाचा व्यापार करणारे गुजराती-मारवाडी व्यापारी अशी तिची मिश्र वस्ती आहे. सूत पुरवणारा, माग चालवणारा आणि तयार कापड विकत घेणारा हे बहुधा वेगवेगळ्या समाजांतील असत. त्यामुळे धंद्यात दोन्ही धर्मांचे लोक एकमेकांवर अवलंबून होते. तरीही १९७० आणि १९८४ मध्ये हे शहर पेटले. आर्थिक परस्परावलंबन हे शांततेचे एक कारण असू शकते, पण ते पुरेसे कारण नाही, हा भिवंडीच्या अभ्यासातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाड येथे पोहोचले. या तीन ठिकाणच्या घटनांत मिळून शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोर गुलाल उधळणे आणि देण्यात येणाऱ्या घोषणा या मुद्द्यांवरून त्याआधीची काही वर्षे शहरात तणाव वाढत गेला होता. तणाव अचानक उद्भवला नव्हता. प्रशासनाला त्याची कल्पना होती आणि दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांशी वाटाघाटीही झाल्या होत्या. आयोगाने धार्मिक संघटनांच्या प्रक्षोभक प्रचारावर ठपका ठेवला. त्याचबरोबर दंगलीनंतरच्या पोलीस तपासातील पक्षपातावरही कठोर ताशेरे ओढले.

मे १९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा दंगल झाली आणि ती ठाणे, कल्याण व मुंबई परिसरात पसरली. चौदा वर्षांत दोनदा पेटलेले शहर म्हणून भिवंडीचे नाव पोलीस दप्तरी आणि लोकांच्या मनात अतिसंवेदनशील ठरले.

## शांतता समितीच्या मर्यादा

सण-उत्सवापूर्वी पोलीस ठाण्यात 'शांतता समिती'ची बैठक घेण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. तीत नगरसेवक, धार्मिक संस्थांचे विश्वस्त, उत्सव मंडळांचे पदाधिकारी आणि प्रतिष्ठित नागरिक बोलावले जातात, सहकार्याचे आश्वासन मिळते आणि बैठक संपते. मोहल्ला समित्यांचे वेगळेपण समजण्यासाठी या पद्धतीच्या उणिवा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली उणीव प्रतिनिधित्वाची आहे. बैठकीत बसणारा पुढारी आपल्या समाजाचा प्रवक्ता म्हणून बोलतो. त्याचे स्थान त्या समाजाच्या वेगळ्या अस्तित्वावर उभे असल्याने तडजोड केली तर आपल्याच लोकांत तो दुबळा ठरण्याचा धोका असतो. मार्गासारखा व्यावहारिक प्रश्नही मग मानापमानाचा होतो. दुसरी उणीव काळाची आहे. समिती वर्षातून मोजक्या वेळा, तणावाच्या दिवसांतच भरते. एरवी एकमेकांना न भेटणारी माणसे अविश्वास सर्वाधिक असतानाच समोरासमोर येतात. तिसरी उणीव अंतराची आहे. पुढाऱ्याने दिलेला शब्द गल्लीतील तरुणापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते, आणि गल्लीत शिजणारी गोष्ट पुढाऱ्याला वेळेवर कळेल याचीही नसते.

शांतता अभ्यासक जॉन पॉल लेडरॅक यांनी समाजातील नेतृत्वाची शिखर, मध्यम आणि तळ अशा तीन स्तरांत मांडणी केली आहे. त्या मांडणीच्या आधारे पाहता, शांतता समिती स्थानिक पातळीवरील शिखर नेतृत्वाशी बोलते, तर दंगलीतील दगड बहुधा तळातून येतो.

## समित्यांची स्थापना व रचना

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी सुरेश खोपडे यांनी समित्यांची कल्पना राबवली. शहराचे लहान विभाग पाडून सुमारे ७० समित्या स्थापन करण्यात आल्या. प्रत्येक समितीत दोन्ही धर्मांच्या रहिवाशांचा समावेश होता आणि त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस कर्मचारी किंवा अधिकारी तिच्याशी जोडलेला असे. खोपडे यांनी या प्रयोगाविषयी पुढे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक लिहिले.

रचनेतील तीन निर्णय अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. समितीचा आधार धर्म नसून वस्ती हा होता. सदस्य हिंदूंचा किंवा मुसलमानांचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर त्या मोहल्ल्याचा रहिवासी म्हणून बसे. दुसरा निर्णय सदस्यांच्या निवडीचा होता. मोठ्या पुढाऱ्यांऐवजी रोज त्याच रस्त्यावर वावरणाऱ्या सामान्य माणसांवर भर देण्यात आला. तिसरा निर्णय पोलिसांच्या भूमिकेविषयी होता. दंगलीच्या वेळीच दिसणारा अनोळखी शिपाई आणि आपल्या गल्लीतला, नावाने ओळखीचा शिपाई यांच्यावरील विश्वासात फरक असतो. समितीमुळे पोलिसालाही वस्तीची माहिती मिळे आणि वस्तीला पोलिसाकडे जाण्याची वाट मोकळी होई.

## मध्यस्थीची कार्यपद्धती

समित्यांमागील मुख्य गृहीतक असे होते की, बहुतेक जातीय दंगलींची ठिणगी धार्मिक नसते. नळावरील भांडण, भाडेकरू-मालकाचा वाद, रिक्षाचा धक्का, पैशांची देवघेव किंवा मुलांची मारामारी अशा घटनांतील दोन बाजू वेगवेगळ्या धर्मांच्या असल्या की त्या भांडणाला नंतर धार्मिक अर्थ चिकटवला जातो. म्हणून समितीने धर्मावर चर्चा करण्यापेक्षा हे रोजचे तंटे वेळीच हाताळणे अधिक उपयोगाचे ठरते.

ही प्रक्रिया समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेता येईल. एका गल्लीतील सार्वजनिक नळावर दोन कुटुंबांत बाचाबाची होते. एक कुटुंब हिंदू आणि दुसरे मुस्लिम आहे. एका तरुणाच्या डोक्याला किरकोळ जखम होते. तासाभरात शेजारच्या मोहल्ल्यात त्याला ठार मारल्याची अफवा पोहोचते आणि दोन ठिकाणी जमाव जमू लागतो.

या प्रसंगी पहिले काम वस्तुस्थिती निश्चित करण्याचे असते. दोन्ही धर्मांचे सदस्य एकत्र जाऊन जखमी तरुणाला भेटतात. 'तो जिवंत आहे' हे वाक्य केवळ पोलिसांनी सांगितले, तर संशय उरतो. आपल्याच धर्माच्या, रोजच्या ओळखीच्या माणसाने ते स्वतः पाहून सांगितले, तर जमावातील अनेक जण घरी परततात. हे काम अफवा पसरण्याच्या वेगाने व्हावे लागते. त्यामुळे सदस्यांची ओळख आणि संपर्क आधीपासून असणे अनिवार्य ठरते.

दुसरे काम वादाचे नाव ठरवण्याचे असते. वाद 'हिंदू-मुस्लिम तंटा' म्हणून नोंदला गेला की गावभरचे लोक त्यात पक्षकार होतात. तो 'पाण्याच्या वेळेचा तंटा' म्हणून मांडला, तर पक्षकार दोनच कुटुंबे राहतात. प्रश्नाची व्याप्ती अशा रीतीने लहान ठेवणे हे मध्यस्थाचे महत्त्वाचे कौशल्य आहे. मात्र खरोखरच धर्मावरून शिवीगाळ किंवा मारहाण झाली असेल, तर ती लपवल्याने दुखावलेल्या बाजूचा मध्यस्थावरील विश्वास उडतो.

तिसऱ्या टप्प्यात दोन्ही कुटुंबांशी प्रथम स्वतंत्रपणे आणि मग एकत्र बोलले जाते. स्वतंत्र भेटीत माणूस आपला राग आणि भीती मोकळेपणाने सांगतो. एकत्र बैठकीत पाणी भरण्याच्या वेळा आणि औषधोपचाराचा खर्च यांसारखे नेमके मुद्दे ठरवले जातात. 'यापुढे सलोख्याने राहू' अशा मोघम वाक्यापेक्षा 'सकाळी सहा ते सात अमुक घरे पाणी भरतील' हा ठराव अधिक टिकतो, कारण तो पाळला जातो की नाही हे कोणालाही पाहता येते.

शेवटचे काम पाठपुराव्याचे असते. आठवड्याभराने सदस्य पुन्हा त्या नळावर जातात. ठराव मोडला जात असेल, एकच बाजू बैठकीला येत असेल किंवा दुखावलेली बाजू 'दबावाखाली सही केली' असे सांगत असेल, तर समेट केवळ कागदावर झाला आहे हे ओळखता येते.

### कायद्याची सीमा

समिती न्यायालयाची जागा घेऊ शकत नाही. किरकोळ दुखापत किंवा शिवीगाळ यांसारखे काही गुन्हे पक्षकारांच्या संमतीने मिटवता येतात. अशा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. खून, बलात्कार, दरोडा किंवा धार्मिक द्वेष पसरवणे हे गुन्हे समेटाने मिटवता येत नाहीत. गंभीर गुन्ह्यातील पीडितावर सलोख्याच्या नावाखाली तक्रार मागे घेण्याचा दबाव आणला गेला, तर मध्यस्थी अन्यायाचे साधन बनते. म्हणून कोणता तंटा समितीकडे ठेवायचा आणि कोणता पोलीस ठाण्यात नोंदवायचा, याची निवड सुरुवातीलाच करावी लागते.

## १९९२-९३ ची कसोटी

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आल्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ५७५ मुस्लिम व २७५ हिंदू होते, तर उरलेल्यांत ४५ अज्ञात आणि ५ इतर होते. पूर्वानुभव पाहता भिवंडीत मुंबईपेक्षाही मोठा उद्रेक होईल अशी भीती होती. प्रत्यक्षात तेथे मोठी दंगल झाली नाही. खोपडे यांनी घडवलेली समित्यांची व्यवस्था तोवर सुमारे चार वर्षे जुनी झाली होती. तणावाच्या दिवसांत समित्यांचे सदस्य आणि पोलीस यांनी आपापल्या भागात लोकांना आवरण्याचे आणि अफवा रोखण्याचे काम केले.

## कारणांची चर्चा

भिवंडी का शांत राहिली, या प्रश्नाला अभ्यासकांच्या मांडणीतून वेगवेगळी उत्तरे मिळतात. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतातील शहरांचा तौलनिक अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब आणि पक्ष यांसारख्या संस्थांतून हिंदू व मुस्लिम एकत्र गुंतलेले असतील, तर दंगलीला अटकाव होतो. केवळ शेजारधर्म, म्हणजे एकमेकांच्या घरी येणे-जाणे, मोठ्या शहरांत पुरेसे ठरत नाही. त्यांच्या मांडणीत भिवंडी विशेष ठरते, कारण सहसा दीर्घ काळात वाढणारे असे संघटित संबंध येथे पोलिसांच्या पुढाकाराने काही वर्षांत उभे राहिले.

स्टीव्हन विल्किन्सन यांच्या २००४ मधील मांडणीनुसार दंगल थांबणे मुख्यतः राज्य सरकारच्या इच्छेवर अवलंबून असते. अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असलेले सरकार पोलिसांना कठोर कारवाईचे आदेश देते. भिवंडी आणि मुंबई यांची तुलना येथे उपयुक्त ठरते. दोन्ही शहरांवर त्या वेळी एकाच राज्य सरकारची सत्ता होती. त्यामुळे केवळ सरकारच्या राजकीय गणितावरून त्यांच्यातील फरक उलगडत नाही. स्थानिक घटकाचा विचार करावाच लागतो.

पॉल ब्रास यांनी दंगली उत्स्फूर्त नसून त्या घडवणाऱ्या व्यक्तींची एक कायमस्वरूपी यंत्रणा असते, असे म्हटले आहे. हे मान्य केल्यास किरकोळ तंटे मिटवणे अपुरे वाटू शकते. तथापि घडवून आणणाऱ्यांनाही ठिणगी, अफवा आणि जमाव यांची गरज असते, आणि समित्या याच तीन गोष्टींवर काम करीत होत्या. त्यामुळे हे दोन विचार परस्परविरोधी असलेच पाहिजेत असे नाही.

एका शहराच्या उदाहरणावरून समित्यांमुळेच शांतता टिकली, असे सिद्ध करता येत नाही. मुंबईच्या तुलनेत भिवंडीचा लहान आकार, १९८४ च्या नुकसानीची ताजी आठवण आणि पोलिसांचा बंदोबस्त हे घटकही कारणीभूत असू शकतात. समित्यांच्या बाजूने सांगता येणारी गोष्ट अशी की, यंत्रमागाचा धंदा, मिश्र वस्ती आणि धार्मिक तणाव हे घटक १९७० व १९८४ मध्येही होते. नव्याने आलेल्या घटकांत समित्या हा ठळक घटक होता.

## जुलै २००६ मधील अपयश

समित्यांच्या मर्यादेचे स्पष्ट उदाहरणही भिवंडीतच आढळते. कब्रस्तानाशी संबंधित असल्याचा दावा केल्या जाणाऱ्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यास स्थानिक मुस्लिमांचा विरोध होता. ५ जुलै २००६ रोजी आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दोन जण ठार झाले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली.

ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. येथे एक पक्ष स्वतः पोलीस दल होते. ज्या यंत्रणेने समित्या बोलवायच्या, त्याच यंत्रणेविरुद्ध तक्रार असल्याने मध्यस्थाचे आसन रिकामे राहिले. मध्यस्थ वादात पक्षकार नसावा, हे तत्त्व पोलीस-प्रणीत समितीत दोन समाजांच्या वादापुरतेच पाळले जाते. पोलीस आणि एक समाज यांच्यात वाद असेल, तर जिल्हा प्रशासन, न्यायालय किंवा स्वतंत्र नागरी संस्था अशा तिसऱ्या घटकाची आवश्यकता असते.

दुसरी मर्यादा सातत्याची आहे. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. समित्या एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभ्या असतील, तर तो गेल्यावर बैठका विरळ होतात आणि यादी कागदावर उरते. त्या जागी पुन्हा सणापुरती भरणारी शांतता समिती येते. शांत काळात घेतलेल्या बैठकांची संख्या, त्यांत प्रत्यक्ष मिटवलेले तंटे आणि नव्या सदस्यांची भर यांवरून समिती जिवंत आहे की नाही, हे ओळखता येते.

## प्रभाव

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. भिवंडीत पुढाकार पोलिसांचा होता, तर मुंबईत नागरिकांच्या विश्वस्त संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने काम केले. त्यामुळे अधिकारी बदलला तरी कामाचा धागा काही प्रमाणात टिकू शकतो. या समित्यांनी तंटानिवारणाबरोबरच पोलीस आणि वस्तीतील तरुण यांच्यातील क्रिकेट सामन्यांसारखे उपक्रमही घेतले.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून राबवलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आंतरधर्मीय संघर्षापुरती मर्यादित नव्हती. मात्र स्थानिक समितीने, पोलिसांच्या सहकार्याने, तंटा पेटण्याआधी मिटवावा हे सूत्र तिच्यात आणि भिवंडीच्या समित्यांत समान आहे.